‘टाकीत उतरणार नाही’ म्हणालो, आता पुढे काय?

प्रश्न : आमच्या केमिकल कंपनीत ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेची, टाकी साफ करायची होती. रात्रपाळीच्या सुपरवायझरने गॅस न तपासताच उतरायला सांगितलं. मी नाही म्हणालो, तर म्हणतो, "आज्ञाभंगाची चार्जशीट देईन." मला नकाराचा हक्क आहे की नाही?

आपल्या कायद्यात "कामगार नकार देऊ शकतो" असे शब्द कुठेही नाहीत. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम ४१-एच आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क त्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तिच्या कलम १४ ने हाच हक्क धोकादायक प्रक्रियेबाहेरच्या आस्थापनांतल्या कामगारांनाही दिला. जीव जाण्याची, गंभीर इजेची किंवा आरोग्याला तातडीच्या धोक्याची वाजवी भीती वाटली, तर कामगार ती मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो.

खरी ताकद पुढच्या पायरीत आहे. मालकाला धोका पटला, तर त्याने ताबडतोब उपाय करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. पटला नाही, तरी प्रकरण लगेच निरीक्षकाकडे पाठवावंच लागतं आणि धोका आहे की नाही हे ठरवण्यात निरीक्षकाचा शब्द अखेरचा. म्हणजे "काही होत नाही, उतर" असं म्हणून विषय संपवण्याचा अधिकार तुमच्या सुपरवायझरला मुळात नाही.

निरीक्षक येईपर्यंत काम करायचं की नाही, यावर कलम गप्प आहे. तिथे चार्जशीटची भाषा उपयोगी पडते. स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत, गैरवर्तन म्हणजे "कायदेशीर व वाजवी" हुकूम मुद्दाम मोडणं. गॅस न तपासलेल्या टाकीत माणूस उतरवणं या दोन्ही शब्दांत बसत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ वर्षानुवर्षं सांगत आलं, की जाणकार व्यक्तीने स्वतः तपासून, टाकी घातक वायूपासून पुरेशी मुक्त असल्याचा लेखी दाखला दिल्याशिवाय आत कुणी जायचं नाही. नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा हवा, आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. खुलाशात हीच कसोटी मांडा आणि त्या रात्री दाखला कोणी दिला होता, ते विचारा.

नुसतं तोंडी "नाही" मात्र पुरत नाही, कारण चौकशीत "कामचुकारपणा केला" एवढंच उरतं. त्याच क्षणी शिफ्ट इन्चार्जला व्हॉट्सअ‍ॅप करा आणि तोच मजकूर निरीक्षकाला ईमेल करा. महाराष्ट्रात कारखान्यांचे निरीक्षक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे, ज्याला सगळे ‘डिश’ म्हणतात. मजकूर असा पुरे: "रात्री ११.४०. ईटीपी टाकी क्र. २. तळाशी गाळ, सडक्या अंड्यासारखा वास. ऑक्सिजन व हायड्रोजन सल्फाइड तपासलेलं नाही, परमिट नाही, बाहेर दोर धरायला माणूस नाही. आत जाण्यात जिवाला तातडीचा धोका वाटतो. तपासणी होऊन दाखला मिळाला की उतरेन. तोवर दुसरं कोणतंही काम सांगावं, मी पाळी संपेपर्यंत हजर आहे."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यांच्यामुळे तुम्ही काम सोडून गेला नाहीत, फक्त त्या टाकीत उतरला नाहीत, हे कागदावर राहतं. गेटबाहेर पडलात, तर तीच गोष्ट गैरहजेरी म्हणून तुमच्यावर येते.

प्रश्न : पण त्यांनी मास्क दिला होता. मास्क दिल्यावरही "धोका वाटतो" म्हणता येतं का?

मास्क कुठला, यावर सगळं आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क वायूला अडवतच नाही. डबीचा, म्हणजे कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो आणि बंद टाकीत तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. तिथे बाहेरून हवा पुरवणारं किंवा पाठीवर सिलिंडर असलेलं श्वसनयंत्रच लागतं.

दुसरी गोष्ट वासाची. "आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला" असं सांगतात तेव्हा सर्वात जास्त सावध व्हा. हायड्रोजन सल्फाइड शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. शिवाय गाळ शांत असताना वर मीटर ठीक दाखवतो, फावडं घातलं की आत अडकलेला वायू सुटतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी मोजायला सांगा आणि काम चालू असतानाही मीटर आत ठेवायला सांगा.

तुमची भीती शंभर टक्के खरी ठरायला हवी, अशी अट नाही. ती वाजवी हवी, म्हणजे तुमच्या जागी समजदार कामगाराला तीच वाटली असती का, एवढंच पाहिलं जातं. निरीक्षकाने नंतर "धोका नव्हता" म्हटलं, तरी तेवढ्याने तुमची सूचना खोटी ठरत नाही. पण "मशीनचा आवाज फार आहे" यासारखी तक्रार या मार्गात सहसा बसत नाही. तिच्यासाठी सुरक्षा समिती आहे.

प्रश्न : मी डिशला मेल केला आणि आठ दिवसांत मला कामावरून काढलं. पत्रात फक्त "काम असमाधानकारक" असं लिहिलंय. काय करू?

आधी तारखा एका कागदावर मांडा: मेल कधी केला, निरीक्षक कधी आले, काढल्याचं पत्र कधी मिळालं. त्याखाली मागच्या वर्षभरात कामाबद्दल एकही मेमो मिळाला होता का, ते लिहा. आकस कोणी पत्रात लिहून देत नाही, तो या तारखांच्या जवळिकीतून आणि कोऱ्या रेकॉर्डमधूनच न्यायालयाला दिसतो.

महाराष्ट्रात हत्यार आहे १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीत आकसाने, सद्हेतू नसताना किंवा उघड खोट्या कारणाने काढणं येतं. तक्रार कामगार न्यायालयात ९० दिवसांच्या आत करावी लागते आणि सोबत कलम ३०(२) खाली अंतरिम दिलासाही मागता येतो. हे ९० दिवस "साहेब परत घेतो म्हणालेत" या आशेवर निघून जाताना मी फार वेळा पाहिलंय आणि दरवेळी जीव तुटतो. बोलणी चालू ठेवा, पण तक्रार दाखल करून.

तुम्ही कंत्राटी असाल, तर वाट अवघड आहे. कंपनी "हा आमचा कामगारच नाही" म्हणाली आणि नातं वादात सापडलं, तर या कायद्याखाली कंपनीविरुद्धची तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच हे स्पष्ट केलंय. अशा वेळी ठेकेदाराला पक्ष करा आणि गेटपास, हजेरी, पगाराची स्लिप आजच फोनमध्ये काढून ठेवा. काढून टाकल्यावर गेटपास हातात राहत नाही.

प्रश्न : आम्ही बाराजणांनी मिळून नकार दिला. एचआर म्हणतं हा बेकायदा संप आहे.

एचआरला हे म्हणायला जागा मिळते, कारण औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाला चौदा दिवसांची पूर्वसूचना लागते आणि मिळून काम थांबवणं संपाच्या व्याख्येत येऊ शकतं. म्हणून एक सामूहिक निवेदन देऊन बाजूला बसू नका. प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्याला कुठल्या कामात काय धोका दिसतोय ते लिहावं. नकार त्या एका टाकीपुरता ठेवा आणि पगारवाढ, कॅन्टीन असल्या मागण्या त्यात मिसळू नका. बाराही जण इतर काम करत असतील, तर संप कशाचा, हे एचआरलाच सांगावं लागेल. त्या वेळी एवढं केलं नसेल, तर आजच्याच तारखेचं स्पष्टीकरण पाठवा. मागची तारीख मात्र टाकू नका, त्या एका खोट्या ओळीने बाकीच्या खऱ्या ओळीही जातात.