हेल्मेटने केस चपटे झाले तर

अगं, स्कूटीवरून ऑफिसात पोचल्यावर केस टाळूला चिकटलेले असतील, तर हेअरबँड अगदी कपाळालगत लावू नकोस; चपटेपणा उलट जास्त उठून दिसतो. सुती स्कार्फची तीन बोटं रुंद घडी कर, कपाळापासून दोन बोटं मागे ठेव आणि मानेवर केसांखाली गाठ मार. मग पट्टी जरा पुढे ढकल, मागचे केस लगेच फुगतात. सॅटिन दिसतं छान, पण गुळगुळीत केसांवरून सारखं सरकतं. दोन्ही कानांमागे एकेक काळी पिन खोच, नागमोडी बाजू टाळूकडे. (तुळशीबागेत पाकीटभर मिळतात, महागड्या कशाला!) चेहरा उघडाबोडका वाटला तर कानशिलांजवळ एकेक बारीक बट सोड. गाठीखाली डोकं ठणकलं तर स्कार्फ घट्ट झालाय, सैल कर.