हाक बदलली, आता काय समजायचं?

प्रश्न: लग्नाला चार वर्षं झाली. नवरा आधी मला 'सोनू' म्हणायचा, घरातून निघताना 'येतो गं' म्हणायचा. हल्ली दोन्ही बंद, सरळ नावाने हाक मारतो. एवढ्याशा गोष्टीचा अर्थ लावावा का?

उत्तर: लावावा, पण त्या एका हाकेवरून नाही. मी नाशिकमध्ये जोडप्यांचं समुपदेशन करते आणि ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा ती बायकोच्या तोंडून येते आणि बहुतेक वेळा तिला कोणीतरी 'तू फार विचार करतेस' असं सांगून गप्प केलेलं असतं. तुम्हाला जाणवलं ते खरं आहे. प्रश्न आहे तो कारणाचा.

लाडाची नावं काळाबरोबर कमी होतात, हे अभ्यासातही दिसलं आहे. कॅरल ब्रूस आणि ज्युडी पिअर्सन यांनी 1993 मध्ये जोडप्यांच्या खास आपापसातल्या शब्दांचा अभ्यास केला. असे शब्द सगळ्यात जास्त आढळले ते लग्नाला पाच वर्षं न झालेल्या, मूल नसलेल्या जोडप्यांत. म्हणजे हाक हळूहळू विरत गेली असेल तर ते पुष्कळ घरांत होतं. तुमची हाक विरत गेली की एकदम थांबली, हे आधी शोधा. आठवणीवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर त्याच्या चॅटमध्ये 'सोनू' सर्च करा, शेवटचा मेसेज कधीचा ते तारखेसकट दिसेल.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. ती इंदिरानगरची, तो अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला. लाडाचं नाव थांबलं ते थेट एका आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. आईसमोर बायकोला लाडाने हाक मारायची त्याला लाज वाटायची. समोर नाव घ्यायची सवय लागली, आणि तीच मग चॅटमध्येही उतरली. पण त्याच चॅटमध्ये दुपारी 'जेवलीस का?' होतं, गंगापूर धरणाच्या बाजूने जाताना काढलेला फोटो होता, 'रविवारी आपण जाऊ इकडे' होतं. तिच्या प्रत्येक मेसेजला उत्तर होतं. हाक गेली होती, ओढ शाबूत होती. उलट तीच रागाने 'हं', 'ओके' एवढीच उत्तरं द्यायला लागली होती, आणि त्यामुळे तोही आखडला होता.

म्हणून मी हाकेपेक्षा 'आपण'कडे जास्त लक्ष देते. 'गावी कधी जायचं आपण?' याचं 'तू जाणार आहेस का?' झालं, पैशाचं, सुट्टीचं, घराचं बोलणं एकेकट्याचं झालं, तर ते मला लाडाचं नाव जाण्यापेक्षा गंभीर वाटतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नातं तुटल्याचं रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर लिहिणाऱ्या लोकांच्या जुन्या पोस्ट तपासल्या होत्या. 'मी', 'आम्ही' अशा शब्दांचं प्रमाण नातं तुटायच्या साधारण तीन महिने आधीपासून बदलू लागलं होतं, आणि तेही नात्याशी संबंध नसलेल्या विषयांवर लिहिताना. अर्थात हे कित्येक लोकांचं एकत्र चित्र आहे, एका नवऱ्याच्या चार मेसेजवरून त्याचं मन ओळखायला ते कामाचं नाही.

आणखी एक बघा. तो इतरांशी कसा बोलतोय? मित्रांचे फोन टाळतोय, आईलाही तुटक उत्तरं देतोय, झोप नीट नाही, असं असेल तर गोष्ट बहुधा तुमच्यापुरती नाही. नोकरीचा ताण, कर्ज किंवा नैराश्य असू शकतं, त्याबद्दल विचारा. बाकी सगळ्यांशी मोकळा आणि फक्त तुमच्याशी कोरडा असेल, तर मात्र तुमच्या दोघांत काहीतरी अडलंय.

मग त्याला सरळ सांगा, पण भांडणात नाही आणि तो कामावरून दमून आलेला असताना तर नाहीच. 'तू बदललास' म्हणालात की तो वकिली करायला लागेल. 'दिवाळीपासून तू मला सोनू म्हणत नाहीस, मला ते आवडायचं' एवढंच म्हणा आणि थांबा. वरच्या जोडप्यातला नवरा हे ऐकून चकित झाला, मग ओशाळून म्हणाला, 'आई असते ना गं.' लक्षातच आलं नव्हतं असं म्हणणारा माणूस पुढच्या काही दिवसांत अवघडत का होईना प्रयत्न करतो, किंवा न करण्याचं कारण सांगतो. 'आता काय लहान आहोत का' म्हणून विषय उडवला, तर एकदा सोडून द्या, काही पुरुषांना असं बोलणं सुचतच नाही. पण शांतपणे दुसऱ्यांदा विचारल्यावरही चिडचिड झाली आणि 'आपण'ही गेलेलं असेल, तर हाकेचा विषय बाजूला ठेवून 'आपल्यात काय बिनसलंय?' हेच विचारा. तेही घरात शक्य नसेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. तो येत नसेल तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.