लग्नाचा निमंत्रण व्हिडिओ : सीमाभागातल्या वाचकांची प्रश्नोत्तरे

मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ 2 मिनिटे 20 सेकंदांचा झालाय. चंदगडच्या पाहुण्यांकडे तो उघडतच नाही, आणि ज्यांच्याकडे उघडतो त्यांना अक्षरे धुरकट दिसतात. किती लांबीचा करावा? – एक वाचक, खानापूर

45 सेकंद. त्याहून मोठा करायचा तर कारण तसेच हवे.

फोनवर बरा दिसणारा व्हिडिओ सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट खातो. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, त्या हिशेबाने 45 सेकंदांचे 14 एमबी होतात, आणि तुमच्या 140 सेकंदांचे 44. व्हॉट्सअॅपवर मोबाइल डेटा चालू असताना व्हिडिओ सहसा आपोआप उतरत नाही. पाहुण्यांना चौकोनावर बोट ठेवावे लागते, आणि आकडा बघून ‘वायफायवर बघू’ म्हणणारे पुष्कळ असतात. घाटात, जिथे रेंज येते-जाते, तिथे 44 एमबी अर्ध्यावर थांबतात.

तुमच्यासारख्या व्हिडिओत वेळ खातात ती मामा-मामी, आत्या, आजोळ अशी नावांची तीन-चार पाने आणि छोट्यांचे ‘यायचं हं’. ही नावे गाळा असे मी म्हणणार नाही, त्यावरून वर्षभर अबोला चालतो. ती छापील पत्रिकेच्या फोटोत असतातच, तो फोटो व्हिडिओच्या मागोमाग पाठवा. मग वाटणी अशी बसते: गणपती 3 सेकंद, वधूवरांची नावे 7, चार फोटो मिळून 12, मुहूर्त 8, कार्यालय 8, निमंत्रक 7. एखादे पान किती वेळ ठेवायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ठरवा. त्यांना ते मोठ्याने वाचायला लावा, आणि त्यांचे वाचून झाल्यावर आणखी एक सेकंद धरा.

व्हिडिओ उभा, 720×1280 मापाचा काढा, आणि पाठवताना वर दिसणारे HD बटण दाबा. नाहीतर व्हॉट्सअॅप तो आणखी लहान करते. आलेला व्हिडिओ पुढे पाठवायचा तर थेट फॉरवर्ड करायला सांगा. गॅलरीतून पुन्हा निवडून पाठवला की तो नव्याने दाबून लहान केला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या हाती मुहूर्त वाचता येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा शाबूत राहतो, पण तो फाइलसारखा दिसतो आणि आजी-आजोबा तो उघडत नाहीत.

आणखी एक, सुरुवात काळ्या पडद्यातून उजळणारी ठेवू नका. चॅटमध्ये दिसणारे छोटे चित्र सहसा पहिल्याच फ्रेमचे असते. तिथे काळा चौकोन दिसला तर लग्नाचे आमंत्रण आहे हे कळणार कसे?

पूर्ण पडद्यावर सोनेरी चमकी आणि गुलाबाच्या पाकळ्या पडणारे टेम्प्लेट आवडले आहे. दुकानातल्या संगणकावर फार सुंदर दिसते. घ्यावे का? – एक वाचक, निपाणी

संगणकावर सुंदर दिसते, हीच अडचण आहे. व्हिडिओ दाबून लहान करताना मागच्या फ्रेमपेक्षा जेवढे बदलले तेवढेच साठवले जाते. मागचा पडदा स्थिर असेल तर साठवायला फार थोडे उरते आणि अक्षरांना भरपूर वाटा मिळतो. चमकीचा प्रत्येक कण प्रत्येक फ्रेमला हलतो, म्हणजे सगळा वाटा चमकीतच जातो. मग अक्षरांच्या कडा विरघळतात आणि गडद लाल पार्श्वभूमीवर चौकोनी ठिपके दिसू लागतात.

चमकी हवीच असेल तर ती गणपतीच्या आणि नावांच्या पानापुरती ठेवा. मुहूर्ताच्या आणि कार्यालयाच्या पानांना मागचा पडदा अगदी स्थिर हवा. तपासायचे तर व्हिडिओ आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा आणि अंगणात, उन्हात, हातभर अंतरावर धरा. 12.35 आणि 12.36 यांत फरक कळला तर पुढे जा.

टेम्प्लेट निवडताना आणखी एक पाहा. बहुतेक टेम्प्लेटमध्ये नावाची जागा दोन छोट्या इंग्रजी नावांपुरती असते. त्यात ‘चि. सौ. कां.’ आणि वडिलांच्या नावासकट मुलीचे पूर्ण नाव भरले की अक्षर बारीक होते किंवा ओळ तुटते. पैसे देण्याआधी दुकानदाराला तुमचे सर्वांत लांब नाव टाकून दाखवायला सांगा. नमुन्यातली नावे बघून ठरवू नका.

माहेर मराठी, सासर चिकोडीकडचे कन्नड. दोन्ही भाषा एकाच व्हिडिओत घालाव्यात का? आमच्या मुलाने घालून पाहिल्या तर वेलांटी भलत्याच जागी गेली. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

एकाच पानावर दोन लिप्या घातल्या की दोन्हींची अक्षरे बारीक होतात आणि लांबीही वाढते. एकच टेम्प्लेट, तेच फोटो, तेच संगीत ठेवून दोन व्हिडिओ करा, मजकूर तेवढा बदला. खर्चात फारसा फरक पडत नाही, आणि प्रत्येक घराला आपल्या भाषेतले निमंत्रण पोहोचते.

वेलांटी अक्षराच्या मागे जाणे, ‘क्ष’ सुटून पाय मोडलेला ‘क’ दिसणे हा सॉफ्टवेअरचा दोष. पुष्कळ अॅप आपल्या लिप्या नीट जुळवत नाहीत. Premiere किंवा After Effects वापरत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई पर्याय निवडा. फोनवरचे अॅप असेल तर मजकूर दुसरीकडे नीट लिहून, पारदर्शक PNG चित्र करून त्यात ठेवा. चित्रातली वेलांटी हलत नाही. छापखान्याकडून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर चिकटवल्यावर तो अगम्य दिसेल. दुरुस्त करत बसू नका, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. दोन्ही व्हिडिओ एका वळणाचे दिसायला हवे असतील तर मराठीला Baloo 2 आणि कन्नडला Baloo Tamma 2 घ्या.

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, म्हणून दोन ओळींमध्ये मराठीपेक्षा जास्त जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीत घुसते. आणि नावे मराठीवरून जशीच्या तशी उतरवू नका. आपल्याकडे ‘देशपांडे’मधल्या दोन्ही मात्रा सारख्याच, कन्नडमध्ये मात्र पहिली दीर्घ आणि शेवटची ऱ्हस्व. सासरच्या कोणाकडून तरी ही पाने वाचून घ्याच.

हिंदी सिनेमातले गाणे लावले तर चालेल का? – एक वाचक, अथणी

फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर सहसा कोणी अडवत नाही, पण हक्क तुमचा नसतो हे खरे. यूट्यूब, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकलात तर तिथली यंत्रणा गाणे ओळखते आणि आवाज बंद होऊ शकतो. यूट्यूबच्या Audio Library मध्ये वापरायला मोकळे संगीत मिळते. मला स्वतःला गावातल्या सनईवाल्याकडून, त्याला बिदागी देऊन, शांत खोलीत मिनिटभर वाजवून घेतलेले जास्त आवडते.

शब्दांचे गाणे मुहूर्ताच्या पानावर येऊ देऊ नका, माणूस ऐकतो किंवा वाचतो. आणि शेवटच्या दोन सेकंदांत आवाज हळूहळू उतरवा. गाणे मध्येच तुटले की व्हिडिओ अर्धवट आला असे समजून लोक तुम्हाला फोन करतात.

व्हिडिओ पाठवून झाल्यावर कार्यालय बदलले. आता काय? – एक वाचक, हुक्केरी

पहिल्या एक-दोन दिवसांत असाल तर तुम्ही पाठवलेला व्हिडिओ सर्वांकडून काढून टाकता येतो. इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती मात्र तुमच्या हातात राहत नाहीत. त्यामुळे नवा व्हिडिओ दिसायला वेगळाच हवा. पहिल्या फ्रेमवर ठळक अक्षरांत ‘कार्यालय बदलले आहे’ एवढेच लिहा, म्हणजे न उघडताही कळेल. पार्श्वभूमीचा रंगही बदला, लालचा हिरवा करा, म्हणजे कोणता जुना हे फोनवर विचारणाऱ्याला एका शब्दात सांगता येते. व्हिडिओतल्या नकाशावर बोट ठेवून काही उघडत नाही, म्हणून नव्या कार्यालयाची लोकेशनची लिंक खालच्या मजकुरात द्या. ज्या घरांतून जेवणाची पाने जास्त धरली आहेत, त्यांना मात्र आजच फोन लावा.