जपानी बोलण्याच्या सरावासाठी मिळालेल्या जोडीदाराशी पहिली पाच मिनिटे : वाचकांची प्रश्नोत्तरे

रविवारी दुपारी अडीच वाजता माझा पहिला व्हिडिओ कॉल ठरला आहे. ‘कोन्निचिवा’ म्हणू की ‘कोम्बानवा’? – एक वाचक, निपाणी

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे निपाणीत अडीच वाजलेले असतील तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. तोक्योत डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात संध्याकाळचे अभिवादन, ‘कोम्बानवा’, म्हणावे. जूनमध्ये मात्र सहाला अजून उजेड असतो, तेव्हा दिवसाचे ‘कोन्निचिवा’ चालते. त्यानंतर लगेच ‘हाजिमेमाश्ते’ म्हणून आपले नाव सांगावे आणि नावाला ‘देस’ जोडावे. स्वतःच्या नावापुढे ‘सान’ लावू नये, कारण ते आपणच आपल्याला ‘साहेब’ म्हणण्यासारखे होते. शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’ हे ओळख करून देतानाचे नम्र वाक्य म्हणावे. ‘हाजिमेमाश्ते’ फक्त पहिल्याच भेटीत म्हणतात; पुढच्या रविवारी तेच पुन्हा म्हटलेत, तर मागची भेट तुम्ही विसरलात असे समोरच्याला वाटेल.

नाव-गाव सांगून दोन मिनिटे जातात आणि मग दोघेही गप्प बसतो. माझ्याकडे पाठ केलेले वीस प्रश्न आहेत, तरीही असे का होते? – एक वाचक, खानापूर

अडचण त्या वीस प्रश्नांतच आहे. पाठ केलेला प्रश्न तुम्ही सफाईने विचारता, त्यामुळे समोरचा तेवढ्याच वेगाने उत्तर देतो आणि ते तुमच्या डोक्यावरून जाते. त्यापेक्षा स्वतःविषयी एक छोटे वाक्य बोलून तोच विषय त्यांच्याकडे वळवावा, म्हणजे कोणते शब्द येणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

समजा जूनचा शेवट आहे, खानापुरात पावसाची झड लागली आहे आणि समोर तानाका आडनावाच्या बाई आहेत. तुम्ही म्हणता, ‘क्यो वा आमे देस. तानाका-सान वा?’ म्हणजे ‘आज पाऊस आहे. तानाकाबाई, तुमच्याकडे?’ येथे ‘आनाता’ हा ‘तुम्ही’साठीचा शब्द वापरू नये, नाव आणि ‘सान’ हेच सभ्य संबोधन आहे. त्या बहुधा म्हणतील, ‘कोचिरा मो आमे देस. त्सुयु देस कारा ने’, म्हणजे ‘इकडेही पाऊस आहे, त्सुयु आहे ना’. यातला ‘आमे’ तुम्हाला ओळखता येतो, ‘त्सुयु’ येत नाही. तोच शब्द उचलून ‘त्सुयु वा नान देस का?’ असे विचारावे. जून-जुलैत जपानच्या बहुतेक भागांत जो पावसाचा हंगाम असतो, त्याला त्सुयु म्हणतात, आणि तो समजावून सांगण्यात त्यांचे एक मिनिट सहज जाते. मग तुमची पाळी : ‘इंदो वा रोकु-गात्सु कारा कु-गात्सु मादे आमे देस’, म्हणजे ‘भारतात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो’. ‘कारा’ आणि ‘मादे’ हे आपल्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’सारखेच शब्दाच्या मागे येतात आणि क्रियापदही शेवटीच येते, त्यामुळे वाक्य मनात मराठीतून जुळवले तरी क्रम चुकत नाही. (‘त्सु’ म्हणताना ‘चूक’मधला च उच्चारावा, ‘चिमणी’मधला नव्हे. हा च कन्नडात नाही, आपल्याला मात्र तो आयता मिळाला आहे.)

गावाचे नाव सांगताना ते ओळखीचे वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये. बेळगावी तिकडे ‘बेरागाबी’ असेच ऐकू जाते, कारण जपानीत ळ नाही आणि ‘वी’ हा उच्चारही नाही. ‘गोवा नो चिकाकु देस’, म्हणजे ‘गोव्याच्या जवळ’, एवढे म्हटले की काम भागते.

मी अगदी शांतपणे ऐकतो, तरी पलीकडची व्यक्ती मधेच थांबून ‘किकोएमास का?’ म्हणजे ‘ऐकू येते का?’ असे विचारते. आमचे नेट तर चांगले आहे. – एक वाचक, टिळकवाडी

दोष नेटचा नसून तुमच्या शांतपणाचा आहे. जपानी संभाषणात ऐकणाऱ्याने दर एक-दोन वाक्प्रयोगांनंतर हुंकार द्यायचा असतो; त्याला आइझुची म्हणतात. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ‘हं, मग?’ लागते तसेच हे आहे, फक्त ते अधिक वेळा लागते. वाक्याच्या मध्ये समोरची व्यक्ती क्षणभर थांबली की ‘हाइ’ किंवा ‘एए’ म्हणावे आणि नवी माहिती मिळाली की ‘सो देस का’ म्हणावे. याचा शेवट खाली उतरवला तर ‘असे होय’ असा अर्थ होतो. वर चढवला तर ‘खरेच का?’ अशी शंका घेतल्यासारखे वाटते. हे ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतो आहे’, ‘मान्य आहे’ नव्हे. म्हणून तुम्ही काही सुचवल्यावर समोरून नुसते ‘हाइ, हाइ’ आले तर पुढच्या कॉलची वेळ पक्की झाली असे धरू नये, ती एकदा स्पष्ट विचारून घ्यावी.

काहीच कळले नाही तर सरळ इंग्रजीत बोलावे का? – एक वाचक, बेळगाव

पहिल्या पाच मिनिटांत नको, कारण एकदा इंग्रजी सुरू झाली की त्या दिवशी जपानीकडे परतणे अवघड जाते. ‘सुमिमासेन, मो इचिदो ओनेगाइशिमास’ असे म्हणून पुन्हा सांगायला लावावे. दुसऱ्यांदाही न कळल्यास ‘युक्कुरि ओनेगाइशिमास’, म्हणजे ‘सावकाश’, असे म्हणावे. तिसऱ्यांदाही कळले नाही तर तो शब्द चॅटमध्ये लिहून मागावा आणि पुढच्या वाक्याकडे वळावे.