तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवरून एचआयव्हीची शंका कशी येते?

"डेंटिस्टने जीभ पाहून एचआयव्ही टेस्ट करायला सांगितली. दात दाखवायला गेलो होतो! जिभेवरून काय कळतं?"

जिभेवरून एचआयव्ही कळत नाही, प्रतिकारशक्ती घसरल्याची शंका येते. आम्ही डेंटिस्ट गॉजने जीभ धरून बाजूला ओढतो, त्यामुळे आरशात न दिसणारी कडही दिसते.

समजा, तिशीतला माणूस दाढ दाखवायला आलाय. टाळूवर आणि गालाच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके आहेत. गॉजने पुसले की निघतात, खाली लालभडक, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसते. ही कॅन्डिडा बुरशी. कवळी, दम्याचा पंप, मधुमेह, नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स यांनीही ती होते. यातलं काहीच नसेल, तर धडधाकट माणसाला ती का झाली, हा प्रश्न उरतो. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे २००च्या खाली गेल्या की ती जास्त दिसते, पण त्याआधीही होऊ शकते.

जिभेच्या कडेला उभ्या पांढऱ्या रेघा असतील आणि कितीही पुसल्या तरी निघत नसतील, तर हेअरी ल्युकोप्लाकियाची शंका येते. नावात केस असले तरी तिथे केस नसतात. प्रतिकारशक्ती घसरली की डोकं वर काढणाऱ्या एपस्टाईन-बार विषाणूचा तो प्रताप. दुखत नाही, म्हणून पेशंटला पत्ताच नसतो. मात्र दाताच्या टोकाने घासूनही तसाच पट्टा उमटतो.

खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते, तुमच्या संमतीने आणि गुप्त ठेवून.