सातव्या फ्रेटवरचं हार्मोनिक

गिटारच्या सातव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून तार छेडली की घंटीसारखा आवाज का येतो? तार तेव्हा नक्की कशी हलते?

तीन तुकड्यांत हलते. सातवा फ्रेट तारेच्या जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, तिथे बोट टेकवलं की ज्या कंपनांत तो बिंदू हलतो ती सगळी मरतात आणि उरतं ते मुख्यतः तीन भागांतलं, म्हणून मोकळ्या तारेच्या तिप्पट फ्रिक्वेन्सी ऐकू येते. खात्री करायचीय? हार्मोनिक वाजवा, बोट उचला आणि तार वाजत असतानाच एकोणिसाव्या फ्रेटवर हलकेच टेकवा, आवाज चालूच राहतो कारण तिथेही तार स्थिर असते (मला पहिल्यांदा जादूच वाटली होती!), पण बाराव्यावर टेकवलंत की लगेच बंद, कारण तो मधल्या तुकड्याचा सगळ्यात जास्त हलणारा भाग. बोट मात्र फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवं, दोन पट्ट्यांच्या मधे ठेवलं तर नुसतं थप्प वाजतं.