ऑक्सिजन 93 असताना बाळाला मशीनला का लावतात?

प्रश्न: 36 आठवड्यांचं बाळ, सिझेरियन. तासाभरात कण्हायला लागलं, श्वास जलद होता. ऑक्सिजन 93 दाखवत होतं तरी नाकात नळ्या घालून मशीनला लावलं. खरंच गरज होती का? जास्त ऑक्सिजनने डोळे जातात म्हणतात.

उत्तर:

गरज होती. नवजात शिशू विभागात नर्स म्हणून माझी एकोणीस वर्षं गेलीत. "93 होतं तरी" हे शब्द वाचले आणि जुनी जखम ठसठसली, म्हणून लिहायला बसले.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आईजवळ ठेवलेलं एक बाळ, 35 आठवड्यांचं, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. मी चादर नीट करायला वाकले तर दर उच्छ्वासाला बारीक "अं... अं..." ऐकू आलं. दुपटं सोडलं. बरगड्यांच्या खाली दर श्वासाला खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले, 72 भरले. शांत असलेल्या बाळाचे 60 च्या आत हवेत. उजव्या हाताला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावला तर 94.

आमच्या सीनियर सिस्टर आल्या, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "गुलाबी आहे की गं. भुकेलंय, दूध पाज." मी घाबरट. वाटी-चमच्याने पाजलं. इतक्या धापेत पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते दहा मिली अजून आठवतात.

दोनेक तासांनी कण्हणं थांबलं. सिस्टर म्हणाल्या, "बघ, झालं ना शांत?" मी परत मोजलं तर 44. कागदावर एकदम छान. पण खड्डा आधीपेक्षा खोल पडत होता आणि हात उचलला की तो तसाच खाली पडत होता. मध्येच श्वास थांबला. प्रोबवर 84.

बाळ बरं झालं नव्हतं, दमलं होतं.

त्या कण्हण्याचा अर्थ असा. लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ कमी असतो, त्यामुळे श्वास सोडला की पिशव्या मिटतात. त्या मिटू नयेत म्हणून बाळ घसा अर्धवट बंद करून हवा अडवतं, आणि त्या अडलेल्या हवेचा आवाज आपल्याला ऐकू येतो. म्हणजे 94 हा आकडा बाळ स्वतःच्या जिवावर तोलून धरत असतं. किती वेळ धरेल, हे प्रोब सांगत नाही.

तुमच्या बाळाला लावलं ते बहुतेक सीपॅप असणार. त्याचं मुख्य काम ऑक्सिजन देणं नाही, दाब देणं आहे. जे बाळ घशाने करत होतं ते मशीन करतं, साधारण पाच-सहा सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने. नुसत्या साध्या हवेवरही, म्हणजे 21 टक्क्यांवर, ते चालतं. माझ्या त्या बाळाला सुरुवातीला 40 टक्के ऑक्सिजन लागला, सर्फॅक्टंटही द्यावं लागलं. सातव्या दिवशी ते आईच्या अंगावर पीत होतं. सिस्टर मात्र निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिल्या, "94 होतं ना, मग माझं काय चुकलं?" चुकलं हेच, की आकडा बघितला आणि छाती बघितली नाही.

ऑक्सिजन वाढवायचा तो आकडा 90 च्या खाली राहू लागला की. जन्मल्यानंतरची पहिली दहा मिनिटं यात धरायची नाहीत, तेव्हा तो सगळ्यांचाच कमी असतो आणि हळूहळू चढतो. डोळ्यांची भीती खोटी नाही, पण ती मुख्यतः फार लवकर जन्मलेल्यांची. म्हणूनच मुदतीआधीच्या बाळाला ऑक्सिजन सुरू असताना आम्ही 90 ते 95 मध्ये ठेवतो, 100 दिसलं की कमी करतो. तुमच्या 36 आठवड्यांच्या बाळाला हा धोका फारच कमी. तरी किती टक्के आणि किती दिवस दिला, ते डॉक्टरांना विचारा.

एक मात्र कबूल करते. सिझेरियनच्या बऱ्याच बाळांच्या फुफ्फुसात पाणी राहतं, ती थोडी कण्हतात आणि एक ते तीन दिवसांत आपोआप ठीक होतात. प्रत्येकाला मशीन लागत नाही. तुमचं त्यातलंच असेल, मी काही बाळ बघितलेलं नाही. पण पहिल्या तासात पाणी राहिलेलं बाळ आणि सर्फॅक्टंट कमी असलेलं बाळ, दोन्ही सारखीच दिसतात, आणि संसर्ग झालेलं बाळही तसंच दिसतं.

आता घरी आल्यावर असं काही दिसलं तर मोठ्यांचा ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावत बसू नका, तो तिथे नीट बसतच नाही. पाजणं थांबवा, छातीवरचं दुपटं सोडून बघा, आणि खड्डा पडत असेल किंवा कण्हत असेल तर तसंच उचलून दवाखान्यात न्या.